R एकच, युनिटं अनेक: न्यूमेरिकलमध्ये मार्क नेमके कुठे जातात

गेट, जॅम, नेट किंवा सेटसाठी फिजिकल केमिस्ट्री सोडवणाऱ्यांसाठी ही नोंद आहे. विषय अकरावीचाच वाटेल: गॅस कॉन्स्टंट, म्हणजे आपला R. पण ज्युनिअर्सच्या सरावाच्या वह्या तपासताना एक गोष्ट सारखी दिसते. फॉर्म्युला बरोबर, गणित बरोबर, कॅल्क्युलेटरवरचं बटणही बरोबर दाबलेलं, आणि उत्तर चूक. अशा वेळी चूक बहुतेकदा एकाच ओळीत सापडते, जिथे R ची किंमत घातलेली असते.

आपल्याला R ची यादी पाठ करायला लावतात. ८.३१४, ०.०८२१, १.९८७, ०.०८३१४, कधी ६२.३६. मग डोक्यात असं बसतं की हे पाच वेगवेगळे कॉन्स्टंट आहेत आणि कुठल्या प्रकरणात कुठला वापरायचा ते लक्षात ठेवायचं. "गॅसच्या प्रकरणात ०.०८२१, थर्मोडायनॅमिक्समध्ये ८.३१४" हा नियम अनेकांच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेला असतो. नियम म्हणून तो वाईट आहे, कारण तो काही गणितांत चालतो आणि नेमक्या मार्कांच्या गणितात दगा देतो.

खरं काय आहे ते आधी बघू. PV = nRT मध्ये डावीकडे दाब गुणिले आकारमान आहे. दाब म्हणजे न्यूटन प्रति चौरस मीटर, आकारमान म्हणजे घनमीटर. दोन्ही गुणले की न्यूटन-मीटर उरतं, आणि तेच जूल. म्हणजे PV ही एनर्जी आहे. त्यामुळे R म्हणजे एका मोलमागे, एका केल्विनमागे किती एनर्जी, एवढंच. लिटर-अ‍ॅटमॉस्फिअर हे दिसायला वेगळं असलं तरी जूल आणि कॅलरीसारखंच एनर्जीचं युनिट आहे. पाच किमती म्हणजे एकच उंची फुटात, इंचात आणि सेंटिमीटरमध्ये सांगण्यासारखं.

त्यामुळे यादीऐवजी तीन रूपांतरं लक्षात ठेवा:

1 L atm = 101.325 J
1 L bar = 100 J
1 cal = 4.184 J

आता ८.३१४ ला १०१.३२५ ने भागा, ०.०८२०५ येतं. १०० ने भागा, ०.०८३१४ येतं. ४.१८४ ने भागा, १.९८७ येतं. परीक्षेच्या हॉलमध्ये यादी विसरलात तरी अर्ध्या मिनिटात ती पुन्हा उभी करता येते. आणखी एक सोय बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: किलोपास्कल गुणिले लिटर बरोबर जूलच, कारण एकाचा हजार दुसऱ्याच्या हजाराव्या भागाने कटतो. म्हणजे दाब किलोपास्कलमध्ये आणि आकारमान लिटरमध्ये दिलं असेल, तर ८.३१४ थेट घाला, काहीच बदलायला नको.

(२० मे २०१९ पासून बोल्ट्झमन कॉन्स्टंट आणि अ‍ॅव्होगॅड्रो नंबर या दोन्हींच्या किमती व्याख्येनेच ठरवलेल्या आहेत. R हा त्या दोघांचा गुणाकार, म्हणून त्याची किंमतही आता नक्की आहे: ८.३१४४६२६१८. जुन्या पुस्तकांत शेवटचे आकडे थोडे वेगळे दिसले तर घाबरू नका. आपल्याला ८.३१४ पुरतं.)

आता एक गणित पूर्ण सोडवू, कारण चूक कशी लपते ते त्याशिवाय कळत नाही.

एक मोल मोनोअ‍ॅटॉमिक आयडियल गॅस ३०० केल्विनला ५ लिटरमध्ये आहे. १ अ‍ॅटमॉस्फिअरच्या स्थिर बाहेरील दाबाविरुद्ध तो अ‍ॅडियाबॅटिक पद्धतीने १५ लिटरपर्यंत प्रसरण पावतो. शेवटचं तापमान काढा. या गॅससाठी Cv = (3/2)R.

अ‍ॅडियाबॅटिक म्हणजे q शून्य, म्हणून ΔU = w. बाहेरील दाब स्थिर आहे, म्हणून

w = −P ΔV = −1 × (15 − 5) = −10 L atm

इथपर्यंत कुणी चुकत नाही. पुढची ओळ ΔU = n Cv ΔT. थर्मोडायनॅमिक्सचं प्रकरण चालू आहे, म्हणून हात आपोआप ८.३१४ कडे जातो. Cv = १.५ × ८.३१४ = १२.४७१. मग

ΔT = −10 / 12.471 = −0.80

म्हणजे शेवटचं तापमान २९९.२ केल्विन. उत्तर लिहिलं, पुढच्या प्रश्नाकडे गेलो. आणि इथेच खरी गोम आहे. २९९.२ हे उत्तर वेडगळ दिसत नाही. ते ऋण नाही, हजारात नाही. गॅस प्रसरण पावला आणि थंड झाला, दिशाही बरोबर. रिव्हर्सिबल पद्धतीने गेला असता तर तापमान १४४ केल्विनच्या आसपास गेलं असतं आणि इरिव्हर्सिबलमध्ये त्यापेक्षा कमी थंड व्हायला हवं, ही कसोटीसुद्धा २९९.२ पास करतं. पण वर भागाकारात अंशात लिटर-अ‍ॅटमॉस्फिअर आणि छेदात जूल होते. ते कटतच नाहीत.

बरोबर रीत अशी. −१० लिटर-अ‍ॅटम म्हणजे −१०१३.२५ जूल.

ΔT = −1013.25 / 12.471 = −81.25 K
T₂ = 300 − 81.25 = 218.75 K

फरक बघा: एक अंशापेक्षा कमी आणि ऐंशी अंश. न्यूमेरिकल आन्सर टाइप प्रश्न असेल तर २९९.२ ला शून्य. आणि बहुपर्यायी असेल तर २९९ हा एक पर्याय तिथे असण्याची शक्यता बरीच आहे, कारण पेपर काढणाऱ्यालाही माहीत असतं की मुलं कुठे घसरतात.

आता त्याच गणिताची गंमत बघा. समजा एखाद्याने इथे ०.०८२०६ वापरला. वहीतल्या नियमाप्रमाणे हे "चूक", कारण प्रकरण थर्मोडायनॅमिक्सचं. पण Cv = १.५ × ०.०८२०६ = ०.१२३०९ लिटर-अ‍ॅटम प्रति केल्विन, आणि

ΔT = −10 / 0.12309 = −81.2 K

बरोबर उत्तर, आणि रूपांतर न करता! कारण अंशातही लिटर-अ‍ॅटम, छेदातही लिटर-अ‍ॅटम. म्हणजे प्रश्न प्रकरणाचा नव्हताच, R शेजारी भागायला किंवा वजा करायला कोण बसलंय त्याचा होता. हे एकदा डोक्यात उतरलं की निम्मं काम झालं.

पण उत्तर दिसायलाच ठीक असेल तर चूक पकडायची कशी? माझी पद्धत अशी की काम किती झालं आणि गॅसकडे मुळात एनर्जी किती होती, यांची तुलना करायची. या गॅसची सुरुवातीची इंटर्नल एनर्जी (3/2)nRT, म्हणजे साधारण ३७४० जूल. त्यातले १०१३ जूल कामात गेले, म्हणजे चौथ्या हिश्शापेक्षा थोडे जास्त. आयडियल गॅसची इंटर्नल एनर्जी तापमानाच्या प्रमाणात असते, मग तापमानही चौथ्या हिश्शाहून थोडं जास्त उतरायला हवं. ३०० चा पाव भाग ७५. म्हणून ८१ पटतं, ०.८ पटत नाही. दहा सेकंदांचं काम आहे. फक्त त्या दहा सेकंदांत दोन्ही आकडे एकाच युनिटमध्ये हवेत, नाहीतर तपासणीही त्याच खड्ड्यात जाते.

दुसरी जागा, जिथे R बरोबर असतो आणि शेजारचा चुकतो: रूट मीन स्क्वेअर स्पीड. फॉर्म्युला √(3RT/M). नायट्रोजन, ३०० केल्विन. मुलं R = ८.३१४ घालतात, शाब्बास, आणि M = २८. उत्तर १६.३ मीटर प्रति सेकंद. हे ताशी साठ किलोमीटरच्या आत झालं, म्हणजे मोकळ्या रस्त्यावरच्या एसटीचा वेग! जूल म्हणजे किलोग्रॅम गुणिले मीटर वर्ग भागिले सेकंद वर्ग. जूलच्या पोटात किलोग्रॅम बसलेला आहे, म्हणून M सुद्धा किलोग्रॅम प्रति मोलमध्येच हवा.

√(3 × 8.314 × 300 / 0.028) = 517 m/s

ग्रॅम ठेवले की उत्तर √१००० ने, म्हणजे ३१.६ पटीने लहान येतं. ०.०८२१ आणि ग्रॅम असे दोन्ही घातले तर १.६ येतं, म्हणजे माणूस चालतो त्या वेगाच्या आसपास. इथे पकडणं सोपं आहे, कारण आपल्याकडे एक चांगली मोजपट्टी आहे: हवेतला आवाजाचा वेग. ३०० केल्विनला तो साधारण ३४७ मीटर प्रति सेकंद असतो. आवाज पुढे नेतात ते हवेचे रेणूच, त्यामुळे नायट्रोजनच्या रेणूंचा हा वेग आवाजापेक्षा कमी येऊ शकत नाही. नायट्रोजन-ऑक्सिजनसारख्या गॅससाठी खोलीच्या तापमानाला उत्तर शेकड्यांत यायलाच हवं. हायड्रोजनसाठी ते दोन हजाराच्या जवळ जातं. दोन आकड्यांत आलं की M कडे परत बघा.

तिसरी जागा सर्वात महागडी, कारण तिथे R घातांकात जातो. ΔG° = −RT ln K. समजा ΔG° = −२० किलोजूल प्रति मोल, तापमान २९८ केल्विन, K काढा. ८.३१४ × २९८ = २४७८. आता जो माणूस २० ला २४७८ ने भागतो त्याला ln K = ०.००८ मिळतं आणि K = १.००८. परत तेच, उत्तर अगदी सभ्य दिसतं. "K जवळजवळ एक, म्हणजे रिअ‍ॅक्शन मधोमध थांबते" असं वाक्यही काही जण खाली लिहितात. खरं गणित:

ln K = 20000 / 2478 = 8.07
K ≈ 3200

एक आणि तीन हजार दोनशे! साध्या गुणाकारात हजाराची चूक झाली तर उत्तरात हजाराचाच फरक दिसतो आणि कधीकधी दशांशचिन्हावरून लक्षात तरी येतो. घातांकात तसा माग राहत नाही. १.००८ कडे बघून कुणालाही ३२०० आठवणार नाही.

म्हणून इथे एक आकडा खरंच पाठ करा, तो म्हणजे २९८ केल्विनला RT = २.४८ किलोजूल प्रति मोल. ΔG° त्याच्या किती पट आहे ते तोंडी बघायचं. वीस म्हणजे साधारण आठ पट, म्हणून ln K आठच्या आसपास. आरहेनियस समीकरणातही हीच युक्ती. Ea ५० किलोजूल असेल तर Ea/RT वीसच्या आसपास असणार. तो भागाकार ०.०२ आला तर e च्या बटणाकडे जाऊच नका. आणि एक नियम कधीच मोडत नाही: ln च्या आत किंवा e च्या डोक्यावर जे बसतं त्याला युनिट नसतं. तिथे किलोजूल भागिले जूल असं काही उरलं, तर गणित अजून पूर्ण झालेलं नाही. याच प्रकारातली जुळी चूक ΔG = ΔH − TΔS मध्ये होते, कारण पुस्तकांत ΔH किलोजूलमध्ये छापतात आणि ΔS जूलमध्ये. तिथे R नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

आता उलट बाजू. वर जे सगळं वाचलं त्यावरून कुणी ठरवेल की सरळ ८.३१४ वापरायचा आणि बाकी सगळं जूलमध्ये आणायचं. बहुतेक ठिकाणी चालेल. एका ठिकाणी मात्र नाही, आणि ते नेमकं विचारलं जातं: Kp = Kc(RT)^Δn. हा R कुठून आला ते बघा. P = (n/V)RT, म्हणजे कॉन्सन्ट्रेशनचं दाबात रूपांतर करायला. Kc मध्ये कॉन्सन्ट्रेशन मोल प्रति लिटर असतं आणि Kp मध्ये दाब बारमध्ये. म्हणून R ने लिटरला बारशी जोडलं पाहिजे, म्हणजे ०.०८३१४. इथे कुणाच्याही मनात जूल नसतात.

अमोनियाचं उदाहरण घ्या. N₂ + 3H₂ ⇌ 2NH₃, Δn = −२. तापमान ५०० केल्विन. RT = ०.०८३१४ × ५०० = ४१.६, त्याचा वर्ग साधारण १७२८. म्हणजे Kp हा Kc च्या १७२८ व्या भागाएवढा. ८.३१४ घातला तर RT शंभरपट होतं, आणि वर्ग असल्यामुळे Kp दहा हजार पटीने चुकतो. Δn शून्य असलेल्या रिअ‍ॅक्शनमध्ये ही चूक दिसतच नाही, कारण RT चा घात शून्य. त्यामुळे सराव फक्त हायड्रोजन-आयोडीनवर केला असेल तर आपण चुकीचा R वापरतोय हे कधी कळणारच नाही. सरावाला Δn शून्य नसलेली गणितंच घ्या.

राहिला बार आणि अ‍ॅटमॉस्फिअरचा घोळ. दोघांत फरक १.३ टक्के. ०.०८३१४ च्या जागी ०.०८२०६ घातलं तर उत्तर एवढंच सरकतं. बहुपर्यायी प्रश्नात पर्याय लांब लांब असतील तर काही बिघडत नाही. पण न्यूमेरिकल आन्सर टाइपमध्ये उत्तराची ठरावीक रेंज असते आणि ती अरुंद असेल तर १.३ टक्के तुम्हाला बाहेर काढू शकतात. त्या मानाने ८.३१४ ऐवजी ८.३१ घेण्याने होणारा फरक ०.०५ टक्के, तो विसरा. मुलं नेमकं उलट करतात: R चे चार दशांश जपतात आणि प्रश्नात बार लिहिलंय की अ‍ॅटमॉस्फिअर हे वाचत नाहीत.

याला इतिहासही थोडा कारणीभूत आहे. आयुपॅकने १९८२ मध्ये स्टँडर्ड प्रेशर १ अ‍ॅटमॉस्फिअरवरून १ बारवर आणलं. म्हणून २७३.१५ केल्विनला एका मोलचं आकारमान जुन्या व्याख्येने २२.४ लिटर आणि नव्याने २२.७ लिटर. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात १ बार आणि २२.७ आहे, पण क्लासच्या नोट्समध्ये २२.४ अजून सुखाने नांदतंय. दोन्ही आपापल्या दाबाला बरोबर आहेत. प्रश्नात "एसटीपी" एवढंच लिहून दाब दिला नसेल तर मी १ बार धरेन, पण R ची किंमत सोबत दिली असेल तर तिचं युनिट बघेन. ०.०८२१ लिटर-अ‍ॅटममध्ये दिला असेल तर पेपर काढणाऱ्याच्या मनात अ‍ॅटमॉस्फिअर आहे, हे उघड आहे.

याउलट प्रश्नाच्या शेवटी "R = 8.314 J K⁻¹ mol⁻¹" दिलं असेल आणि बाकी आकडे लिटर आणि अ‍ॅटमॉस्फिअरमध्ये असतील, तर थांबा. तिथे १०१.३२५ ने कुठेतरी गुणायचं आहे आणि तोच प्रश्नाचा अर्धा भाग आहे. व्हॅन डर वाल्स समीकरणात a ची किंमत लिटर वर्ग गुणिले अ‍ॅटमॉस्फिअर प्रति मोल वर्ग अशी दिली असेल, तर मी ८.३१४ दिलेला असूनही तो ०.०८२०६ करून घेईन. कारण एक R बदलणं हे a, b, P आणि V असे चार आकडे बदलण्यापेक्षा स्वस्त आहे.

कच्चं काम करताना एवढं करून बघा: आठवडाभर प्रत्येक ओळीत आकड्यापुढे युनिट लिहा, फक्त उत्तरापुढे नाही. −१० असं लिहिलं की ते कशानेही भागता येतं. "−10 L atm" असं लिहिलं की त्याखाली "12.471 J K⁻¹" लिहिताना हात आपोआप अडखळतो. गेटमध्ये स्क्रीनवरचा कॅल्क्युलेटर माउसने चालवावा लागतो आणि त्याला युनिट कळत नाहीत, त्यामुळे हे अडखळणं कागदावरच व्हायला हवं, तिथे जाण्याआधी.